खेळत्या भांडवलाची उलाढाल पद्धती

खेळत्या भांडवलाची उलाढाल पद्धती ही भारतातील बँका लहान उद्योगांना कच्चा माल, मजुरी, विजेचे देयक आणि ग्राहकांकडील उधारी यांसाठी किती कर्जमर्यादा द्यावी हे ठरवण्यासाठी वापरतात. उद्योगाच्या पुढील वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या किमान २० टक्के इतकी मर्यादा बँकेने द्यावी आणि ५ टक्के रक्कम उद्योजकाने स्वतःच्या दीर्घकालीन निधीतून घालावी, असा तिचा सर्वसाधारण नियम आहे. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर पी. आर. नायक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही शिफारस केल्यामुळे ती 'नायक समिती पद्धती' या नावानेही ओळखली जाते.

या पद्धतीतील आकडेमोड दोन ओळींत संपते. कठीण भाग असतो तो 'अपेक्षित उलाढाल' या एका आकड्याचा. तो आकडा अर्जदार स्वतः लिहितो, बँक तो तपासते, आणि मंजूर होणारी मर्यादा बहुतांशी त्या तपासणीत तो किती टिकतो यावर अवलंबून राहते. अर्जासोबतच्या व्यवसाय आराखड्याचे काम नेमके येथे असते. भंडारा जिल्ह्यातील वरठी येथील एका लहान यंत्रभाग कारखान्याचे काल्पनिक उदाहरण घेऊन ही प्रक्रिया पुढे मांडली आहे.

## पार्श्वभूमी

खेळत्या भांडवलाच्या कर्जाला शिस्त लावण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९७४ साली नेमलेल्या टंडन समितीने केला. तिच्या पद्धतीत उद्योगाची चालू मालमत्ता आणि बँककर्ज सोडून इतर चालू देणी यांतील तफावत काढली जाई आणि त्या तफावतीचा ठरावीक भाग बँक देत असे. मोठ्या कंपन्यांना हे जमण्यासारखे होते. ज्या कारखान्याचा मालकच सकाळी यंत्रावर आणि संध्याकाळी वहीवर बसतो, त्याला कच्चा माल, अर्धवट तयार माल, तयार माल आणि येणी यांचे स्वतंत्र अंदाज तयार करणे अवघड होते. लहान उद्योगांना त्यांच्या उत्पादनाच्या मानाने फारच कमी बँककर्ज मिळते, अशी त्या काळातील सर्वसाधारण तक्रार होती.

१९९१ साली नेमलेल्या नायक समितीने १९९२ मध्ये अहवाल दिला आणि लहान उद्योगांसाठी हा प्रश्न उलट बाजूने सोडवला. मालमत्तेच्या प्रत्येक घटकाचा हिशेब मागण्याऐवजी विक्रीचा एकच आकडा घ्यावा आणि त्यावर ठरावीक प्रमाण लावावे, असे तिने सुचवले. सुरुवातीला ही पद्धती ५० लाख रुपयांपर्यंतच्या मर्यादांसाठी होती. पुढे ती टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली आणि सूक्ष्म व लघु उद्योगांच्या ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मर्यादांना ती लागू झाली. नोटाबंदीनंतर ३१ डिसेंबर २०१६ रोजी केंद्र सरकारने हे प्रमाण २० वरून २५ टक्क्यांपर्यंत, आणि डिजिटल व्यवहारांच्या बाबतीत त्याहूनही वर, नेण्यास बँकांना सांगितल्याचे जाहीर केले. तरी शाखांच्या मूल्यांकन पत्रकांत २० टक्के हाच पायाभूत आकडा मानला जातो.

## २० टक्क्यांमागील गृहीतक

हे प्रमाण मनाला येईल तसे ठरवलेले नाही. उद्योगाचे कार्यचक्र सरासरी तीन महिन्यांचे असते, असे त्यामागचे गृहीतक आहे. कार्यचक्र म्हणजे कच्च्या मालासाठी रोख रक्कम हातातून गेल्यापासून विकलेल्या मालाचे पैसे परत हातात येईपर्यंतचा काळ. हा काळ तीन महिन्यांचा असेल तर वर्षभरात पैसा चार वेळा फिरतो. म्हणजे वार्षिक उलाढालीच्या एक चतुर्थांश, २५ टक्के, इतकी रक्कम कायम धंद्यात अडकलेली राहते. या २५ टक्क्यांचे पाच भाग केले तर चार बँकेने आणि एक उद्योजकाने द्यायचा. त्यातून २० आणि ५ हे आकडे येतात.

गृहीतक लक्षात घेतले की नियमाच्या मर्यादाही दिसू लागतात. कार्यचक्र तीन महिन्यांपेक्षा मोठे असेल तर २५ टक्के रक्कम पुरत नाही. अशा वेळी अर्जदाराने ते दाखवून दिल्यास बँक त्याच प्रमाणात अधिक मर्यादा देऊ शकते, कारण २० टक्के ही किमान पातळी आहे, कमाल नव्हे. उलट कार्यचक्र लहान असेल, समजा दीड महिन्याचे, तरी २० टक्क्यांची मर्यादा मंजूर होऊ शकते. मात्र तेवढी रक्कम प्रत्यक्षात उचलता येत नाही, कारण उचल मालाच्या साठ्यावर आणि येण्यांवर अवलंबून असते. या फरकाचा विचार पुढे स्वतंत्र विभागात केला आहे.

## वरठीतील उदाहरण

वरठी हे मोहाडी तालुक्यातील गाव असून हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गावरील भंडारा रोड स्थानक येथेच आहे. गावात सनफ्लॅग आयर्न अँड स्टील या कंपनीचा विशेष पोलादाचा कारखाना आहे. अशा गावात पोलादी भागांवर कातकाम करून देणारी लहान वर्कशॉपे असणे स्वाभाविक ठरते. पुढील उदाहरणातील वर्कशॉप काल्पनिक असून त्याचे ग्राहकही कोणी विशिष्ट नाहीत. त्याचे आकडे केवळ रीत समजावी म्हणून सोपे ठेवले आहेत. सर्व आकडे जीएसटी वगळून आहेत. अर्जात हे स्पष्ट लिहिणे आवश्यक असते. विक्री करासह दाखवायची आणि विवरणपत्रे कराशिवायची जोडायची, ही अर्ज परत येण्याची अगदी साधी पण वारंवार आढळणारी कारणे आहेत.

या वर्कशॉपमध्ये तीन सीएनसी लेथ यंत्रे आहेत. गेल्या वर्षी विक्री १ कोटी २० लाख रुपये झाली. येत्या वर्षी दुसरी पाळी सुरू करण्याचा मालकाचा विचार आहे आणि एका नव्या ग्राहकाशी बोलणे झाले आहे. कर्जाच्या पहिल्या अर्जात मालकाने अपेक्षित उलाढाल २ कोटी ४० लाख रुपये लिहिली. हिशेब सरळ होता: २ कोटी ४० लाखांचे २० टक्के म्हणजे ४८ लाख, आणि त्याला साधारण तेवढीच रक्कम हवी होती. हवी असलेली मर्यादा आधी ठरवून तिला पाचाने गुणायचे आणि येणारा आकडा उलाढाल म्हणून लिहायचा, ही सवय बँक अधिकाऱ्यांच्या चांगल्याच परिचयाची आहे.

### क्षमतेची तपासणी

अधिकारी सर्वप्रथम विचारतो की इतका माल त्या यंत्रांवर तयार होऊ शकतो का. तीन यंत्रे, दिवसाला आठ तास, वर्षाचे ३०० दिवस असा हिशेब केला तर एका पाळीत ७,२०० यंत्रतास होतात. साधने बदलणे, मोजमाप, बिघाड आणि वीज जाणे यांत साधारण सहावा भाग गेला, असे धरल्यास ६,००० उत्पादक तास उरतात. गेल्या वर्षीची १ कोटी २० लाखांची विक्री या तासांनी भागली तर तासाला २,००० रुपयांची विक्री झाली असे दिसते. हा आकडा अर्जदाराच्याच वहीतून निघालेला असल्याने त्यावर वाद घालण्यास फारशी जागा राहत नाही.

आता २ कोटी ४० लाखांच्या विक्रीसाठी १२,००० उत्पादक तास लागतील. दुसऱ्या पाळीसाठी दोनच यंत्रांवर माणसे मिळणार आहेत, असे आराखड्यातच लिहिले आहे. त्या पाळीचे पूर्ण वर्षाचे यंत्रतास ४,८०० होतात. रात्रपाळीत वाया जाणारा वेळ अधिक धरून त्यांपैकी तीन चतुर्थांश, म्हणजे ३,६०० तास, उत्पादक मानता येतील. त्यातही पाळी जुलैपासून सुरू होणार असल्याने नऊ महिन्यांचे २,७०० तासच मिळतील. एकूण ८,७०० तास आणि त्यांची विक्री १ कोटी ७४ लाख रुपये. अर्जदाराने लिहिलेला आकडा येथेच कोसळतो. आकडा फुगवला हे उघड झाले की अधिकारी उरलेली कागदपत्रेही संशयाने वाचू लागतो.

ही तपासणी केवळ तासांवरच होते असे नाही. महावितरणच्या वीज देयकातील मंजूर भार आणि दरमहा वापरलेले युनिट यांवरूनही तिची खातरजमा होते. उत्पादन दीडपट होणार असेल तर विजेचा वापरही त्या दिशेने वाढलेला आराखड्यात दिसला पाहिजे. विक्रीचा स्तंभ वाढतो पण वीज, मजुरी आणि वाहतुकीचे खर्च जुनेच राहतात, असे अंदाजपत्रक अनुभवी अधिकाऱ्याला एका नजरेत कळते.

### मागणीची तपासणी

क्षमता आहे म्हणून माल विकला जाईलच असे नाही. म्हणून दुसरा प्रश्न ग्राहकांचा येतो. दुरुस्त केलेल्या आराखड्यात वर्कशॉपच्या मालकाने आपली विक्री तीन भागांत मांडली, असे समजू. जुन्या ग्राहकांची गेल्या वर्षीची १ कोटी २० लाखांची विक्री हा पहिला भाग. त्यासाठी जीएसटी विवरणपत्रे आणि बँक खात्याचा उतारा जोडला आहे. नव्या ग्राहकाचे महिन्याला ४ लाख रुपयांचे पुरवठा वेळापत्रक जुलैपासून लागू होते. नऊ महिन्यांचे ३६ लाख होतात आणि त्यासाठी खरेदी आदेशाची प्रत आहे. तिसरा भाग जुन्या ग्राहकांच्या मागणीतील १२ लाखांच्या वाढीचा. त्याला लेखी आदेशाचा आधार नाही, परंतु मागील तीन वर्षांच्या विक्रीत दरवर्षी साधारण तितकीच वाढ दिसते. एकूण १ कोटी ६८ लाख रुपये झाले. त्यासाठी ८,४०० तास लागतात आणि उपलब्ध तास ८,७०० आहेत, म्हणजे आकडा क्षमतेच्या आत बसतो.

पहिल्या अर्जातील आकड्यापेक्षा हा ७२ लाखांनी कमी आहे, पण त्याच्या प्रत्येक भागामागे एक कागद आहे. ज्या भागाला कागद नाही तो भाग वेगळा काढून तसे लिहिले आहे. अधिकाऱ्याला वाढीचा भाग मान्य झाला नाही तरी उरलेल्या १ कोटी ५६ लाखांवर तो मर्यादा ठरवू शकतो. सगळा अंदाज फेटाळण्याची गरज उरत नाही. आराखडा मागणीला आधार देतो तो असा.

### मर्यादेची आकडेमोड

अधिकाऱ्याने १ कोटी ६८ लाखांची उलाढाल मान्य केली असे धरल्यास खेळत्या भांडवलाची एकूण गरज २५ टक्के दराने ४२ लाख रुपये ठरते. त्यातील उद्योजकाचा वाटा ५ टक्के दराने ८ लाख ४० हजार आणि बँकेची मर्यादा ३३ लाख ६० हजार रुपये होते.

आता उद्योजकाचा वाटा खरोखर आहे का, हे ताळेबंदावरून पाहिले जाते. या वर्कशॉपमध्ये मालकाचे भांडवल २६ लाख आणि यंत्रांसाठी घेतलेल्या मुदत कर्जाचा दीर्घकालीन भाग १८ लाख, असे ४४ लाख रुपये दीर्घकालीन स्रोतांतून आले आहेत. यंत्रे आणि इतर स्थिर मालमत्तेची घसारा वजा जाता किंमत ३८ लाख आहे. उरलेले ६ लाख रुपये हेच निव्वळ खेळते भांडवल. हव्या असलेल्या ८ लाख ४० हजारांत २ लाख ४० हजार कमी पडतात. मर्यादा वापरण्याआधी ही रक्कम भांडवल म्हणून खात्यात आणावी, किंवा ठरावीक मुदतीत नफ्यातून उभी करावी, अशी अट मंजुरीपत्रात घातली जाते. आराखड्यात ही तूट आधीच नमूद करून ती कोठून भरली जाईल हे सांगितलेले असेल तर या अटीवर वेळ जात नाही.

उलट परिस्थितीही संभवते. निव्वळ खेळते भांडवल १२ लाख असते, म्हणजे ५ टक्क्यांहून अधिक, तर बँक ४२ लाखांतून तीच १२ लाखांची रक्कम वजा करून ३० लाखांची गरज मानू शकते. बँककर्ज गरजेपुरतेच असावे, हे त्यामागचे तत्त्व आहे. काही उद्योजकांना हा सावधपणे धंदा केल्याचा दंड वाटतो. पण व्याजाचा विचार केला तर त्यांना तो लाभाचाच आहे.

## कार्यचक्र आणि उधारीचे दिवस

२५ टक्के या वर्कशॉपला पुरतील का, हे कार्यचक्र मोजल्याशिवाय सांगता येत नाही. समजा पोलादी सळ्यांचा साठा ३० दिवसांचा, यंत्रावरील माल १० दिवसांचा, पाठवणीची वाट पाहणारा तयार माल १० दिवसांचा आणि ग्राहकांकडील उधारी ६० दिवसांची आहे. एकूण ११० दिवस झाले. सळ्या पुरवणारा व्यापारी २० दिवसांची उधारी देतो. ती वजा केली की ९० दिवस उरतात. गृहीतकाशी हे जुळते. काटेकोर हिशेबात साठा खरेदी किमतीने आणि येणी विक्री किमतीने मोजतात, त्यामुळे दिवस नुसते बेरजेत धरण्याची ही रीत थोडी ढोबळ आहे. पण चूक लक्षात येण्याइतपत ती पुरेशी आहे.

आता नवा ग्राहक पैसे ६० ऐवजी ९० दिवसांनी देतो आणि त्याच्या पाठोपाठ इतरही तसेच करू लागतात, असे समजू. चक्र १२० दिवसांचे होते. एक तृतीयांश वर्ष पैसा अडकून राहिला म्हणजे १ कोटी ६८ लाखांच्या उलाढालीसाठी ५६ लाख रुपये लागतील. ४२ लाखांच्या व्यवस्थेत १४ लाखांची तूट पडते. विक्री आराखड्याप्रमाणे होत असते, नफाही दिसत असतो, आणि तरी पगाराच्या दिवशी खात्यात पैसे नसतात. अनेक लहान उद्योगांत मर्यादा 'कमी पडते' तेव्हा ती मुळात कमी मंजूर झालेली नसते. उधारीचे दिवस वाढलेले असतात.

१२० दिवसांचे चक्र अर्जाच्या वेळीच ठाऊक असेल तर ते लपवण्यात अर्थ नसतो. ते पुराव्यासह दाखवल्यास ५६ लाखांच्या गरजेवर चार पंचमांश, म्हणजे ४४ लाख ८० हजार रुपये मर्यादा मागता येते. मात्र उद्योजकाला स्वतःचे ११ लाख २० हजार दाखवावे लागतात. वाटा वाढवण्याची तयारी नसेल तर वाढीव मर्यादेची मागणी टिकत नाही.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला द्यायच्या पैशांची मुदत, करार काहीही असला तरी, ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही, आणि उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज देय होते. तरीही आराखड्यात उधारी ४५ दिवसांची धरणे धोक्याचे ठरते. कायद्यातील मुदत आणि खातेवहीतील सरासरी यांत अंतर असल्यास बँक खातेवहीच ग्राह्य धरते. येणी लवकर रोखीत आणण्यासाठी ट्रेड्स या बिल-वटणावळीच्या मंचाचा उपयोग करता येतो. मात्र तेथे वटवलेली बिले बँकेला दिल्या जाणाऱ्या येण्यांच्या यादीतून वगळावी लागतात, नाहीतर एकाच बिलावर दोनदा पैसे उचलल्यासारखे होते.

## मर्यादा आणि उचल क्षमता

मंजूर मर्यादा म्हणजे खात्यातून काढता येणारी रक्कम नव्हे. खात्यातून किती उचल करता येईल हे दरमहा सादर होणाऱ्या साठा व येणी विवरणपत्रावरून ठरते. या रकमेला बँकेच्या भाषेत ड्रॉइंग पॉवर म्हणतात. उद्योजकांचा सर्वांत मोठा गैरसमज येथेच असतो.

वरील वर्कशॉपच्या एका महिनाअखेरचा हिशेब असा करता येईल. साठा १४ लाखांचा आहे, पण त्यातील ६ लाखांच्या मालाचे पैसे व्यापाऱ्याला द्यायचे आहेत. पैसे न दिलेला माल बँकेच्या तारणासाठी धरत नाहीत, म्हणून ८ लाख उरतात. येणी ३४ लाखांची आहेत. त्यातील ६ लाखांची बिले ९० दिवसांहून जुनी असल्याने वगळली जातात आणि २८ लाख उरतात. दोन्हींवर २५ टक्के मार्जिन असल्यास ८ लाखांवर ६ लाख आणि २८ लाखांवर २१ लाख, एकूण २७ लाख रुपये उचलता येतील. मर्यादा ३३ लाख ६० हजारांची असली तरी त्या महिन्यात ६ लाख ६० हजार रुपये केवळ कागदावर राहतात. मार्जिनचे दर बँकेनुसार बदलतात, पण हिशेबाची रीत साधारण हीच असते.

जुनी येणी वगळली जातात हे ठाऊक असल्यामुळे काही उद्योजक विवरणपत्रात जुन्या बिलांच्या तारखा पुढे ढकलतात किंवा साठा फुगवून दाखवतात. हे जीएसटी विवरणपत्रांवरून, बँकेच्या साठा तपासणीतून आणि वर्षाच्या लेखापरीक्षणातून उघड होते. विवरणपत्रच वेळेवर न देणे हाही तितकाच धोका असतो. तीन महिन्यांहून जुन्या विवरणपत्रावर आधारलेली उचल अनियमित मानली जाते, आणि खाते सलग ९० दिवस अनियमित राहिले तर ते अनुत्पादक कर्जात जाऊ शकते, मग वर्कशॉपमध्ये काम जोरात चालू असले तरी.

## वर्षभरातील पडताळणी

अपेक्षित उलाढाल मंजुरीच्या दिवशी मान्य होते, पण तिच्यावरील विश्वास वर्षभर तपासला जातो. बँकेकडे त्यासाठी खात्यातील जमा रकमा आणि जीएसटी विवरणपत्रे असतात. व्यवसायाची सर्व विक्री त्याच खात्यातून फिरली पाहिजे. काही पैसे दुसऱ्या बँकेतील चालू खात्यात जमा होत असतील तर उलाढाल कमी दिसते आणि पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणात मर्यादा घटते.

यासाठी आराखड्यात उलाढाल महिन्यानुसार मांडलेली असणे उपयोगी पडते. वरील वर्कशॉपच्या १ कोटी ६८ लाखांपैकी सहा महिन्यांत निम्मी, म्हणजे ८४ लाखांची विक्री व्हायला हवी असे बँक सहज धरू शकते. परंतु नवा ग्राहक जुलैपासून आहे. जुन्या ग्राहकांचे तिमाहीला ३३ लाख आणि नव्याचे तीन महिन्यांचे १२ लाख धरले तर एप्रिल ते सप्टेंबरची योग्य अपेक्षा ७८ लाखांची आहे. प्रत्यक्ष विक्री ७७ लाख झाली तर वर्कशॉप आपल्या आराखड्याच्या जवळच आहे. ८४ लाखांशी तुलना करणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र ते मागे पडलेले दिसेल. विक्री ६२ लाखांवर थांबली, तर दुसरी पाळी सुरू झाली नाही की नव्या ग्राहकाने माल उचलला नाही, हे दोन वेगळे प्रश्न महिन्यांच्या तक्त्यावरून ओळखता येतात. जुलैनंतर यंत्रतास वाढले नसतील तर अडचण कामगारांची आहे. तास वाढून तयार मालाचा साठा फुगला असेल तर मागणीची आहे. दुसऱ्या अडचणीत अधिक कर्ज मागणे धोक्याचे असते, कारण ते पैसे पडून राहिलेल्या मालात गुंततात.

## पद्धती जेथे बसत नाही

ही पद्धती वर्षभर साधारण सारख्या गतीने चालणाऱ्या धंद्यांसाठी योग्य आहे. भंडारा जिल्ह्यातच तिला न जुमानणारे एक मोठे क्षेत्र आहे, ते म्हणजे भात गिरण्या. खरिपाचे धान दिवाळीच्या आगेमागे बाजारात येते आणि खरेदीचा मोठा भाग पुढील दोन-तीन महिन्यांत उरकावा लागतो. वर्षाला ३ कोटींची उलाढाल असलेल्या गिरणीला नियमानुसार ६० लाखांची मर्यादा मिळेल. पण हंगामात तिला त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम धानात गुंतवावी लागू शकते, आणि पावसाळ्यात मर्यादेचा बराच भाग रिकामा पडून राहतो. अशा धंद्यांसाठी महिन्यांनुसार रोख जमाखर्चाचा अंदाज मांडून हंगामी आणि बिगरहंगामी अशा दोन मर्यादा ठरवण्याची पद्धत अधिक योग्य मानली जाते.

त्याच गिरण्या शासनाच्या धानाची भरडाई करतात तेव्हा गोष्ट पुन्हा उलटते. धान शासनाचे असते, गिरणीला फक्त भरडाईचा दर मिळतो. भरडलेल्या तांदळाची किंमत उलाढाल म्हणून दाखवली तर मर्यादा अवाच्या सवा निघेल. केवळ भरडाईच्या उत्पन्नावर ती मोजली तर रक्कम लहान राहील. पण पैसा धानात अडकतच नसल्याने तीच रक्कम प्रत्यक्ष गरजेला धरून असते. ग्राहकाने पुरवलेल्या सळ्यांवर केवळ मजुरीने कातकाम करून देणाऱ्या वरठीतील वर्कशॉपलाही हेच लागू पडते. अशा वर्कशॉपचे तासाला २,००० रुपये हे प्रमाण एकदम काही शेकड्यांवर येते, कारण मालाची किंमत त्यात नसते. म्हणून जॉबवर्क आणि स्वतःच्या मालावरील विक्री आराखड्यात स्वतंत्र दाखवावी लागते. दोन्ही एकत्र केल्यास मागील वर्षांशी कोणतीही तुलना जुळत नाही.